तीळ वाढला की रुपया लहान झाला?

गेल्या जुलैत सेलूहून एक निवृत्त गुरुजी माझ्या दवाखान्यात आले. सोबत बाई होत्या आणि हातात शंभर पानी वही. वहीत त्यांच्या उजव्या हाताच्या कोपराखालच्या तिळाचा सहा महिन्यांचा हिशेब होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तिळावर शंका असेल तर शेजारी रुपया ठेवून फोटो काढत जा आणि तारीख लिहून ठेवा. गुरुजींनी ते मनावर घेतलं होतं. जानेवारीत तीळ ५ मिलीमीटर, जुलैत सव्वासहा. "सहाच्या वर गेला की धोका असतो म्हणे, साहेब," ते म्हणाले. रात्रीची झोप उडाल्याचं तोंडावर दिसत होतं.

मी तीळ पाहण्याआधी फोन मागितला आणि दोन्ही फोटो शेजारी लावले. जानेवारीच्या फोटोत नव्वदच्या दशकातला मोठा स्टीलचा रुपया होता आणि जुलैच्या फोटोत आताचा, बटणाएवढा. तिळाकडे वळण्याआधी या नाण्यांचाच विषय काढावा लागला.

## मुळात फोटो कशाला?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका जागी गोळा झाल्या की तीळ बनतो. बहुतेक तीळ जन्मभर गुपचूप बसून असतात. क्वचित याच रंगपेशी बेलगाम वाढायला लागतात. त्या कॅन्सरला मेलानोमा म्हणतात. चांगला तीळ आणि सुरुवातीचा मेलानोमा दिसायला सारखे असू शकतात, फरक पडतो तो वागण्यात. चांगला तीळ आहे तसा राहतो, मेलानोमा बदलत जातो.

हा बदल डोळ्यांना का दिसत नाही, हे विहीर असलेल्या माणसाला सांगावं लागू नये. रोज पाणी शेंदणाऱ्याला पाणी उतरल्याचं कळत नाही. माघात किती पायऱ्या उघड्या होत्या आणि चैत्रात किती आहेत, हे मोजलं तरच कळतं. नाणं ठेवून काढलेला पहिला फोटो ही अशी खुणेची पायरी आहे. म्हणून नवा फोटो गेल्या महिन्याच्या फोटोशी ताडून पाहू नका, पहिल्याशी ताडा. महिन्या-महिन्याचा फरक इतका बारीक असतो की दर वेळी "आहे तसंच आहे" असंच वाटतं.

## नाणंच का, पट्टी का नको?

पट्टी चालते. आम्ही स्वतः कागदी मोजपट्टी लावतो. पण नाण्यात एक गुण आहे जो पट्टीत नाही. नाणं गोल असतं, त्यामुळे फोटो तिरपा आला तर ते चुगली करतं, फोटोत लांबट दिसतं. कॅमेरा तीस अंश कलला तर २७ मिलीमीटरचं नाणं एका बाजूने २७ आणि दुसऱ्या बाजूने साधारण साडेतेवीस भरतं. तीळही तसाच दबलेला दिसणार. नाणं लांबट दिसलं की तो फोटो पुसायचा आणि दुसरा काढायचा.

## रुपया म्हणजे किती मिलीमीटर?

गुरुजी इथेच फसले होते. नव्वदच्या दशकातला स्टीलचा रुपया २५ मिलीमीटर रुंद आहे. २०११ साली आलेला जवळपास २२ आणि २०१९ च्या मालिकेतला २०. तिन्ही रुपयेच, आणि तिन्ही एकाच डब्यात सापडतात. दोन आणि पाच रुपयांच्या नाण्यांचंही तेच. पाचाचं नाणं आधी २३ मिलीमीटर होतं, २०१९ च्या मालिकेत २५ झालं.

आता गुरुजींचं गणित बघा. जानेवारीच्या फोटोत स्क्रीनवर पट्टी लावली तर नाणं ५० मिलीमीटर आणि तीळ १० भरत होता. म्हणजे तीळ नाण्याच्या एक पंचमांश. नाणं २५ चं, म्हणून तीळ ५ चा. इथपर्यंत बरोबर. जुलैच्या फोटोत नाणं ४० आणि तीळ १०, म्हणजे तीळ नाण्याच्या एक चतुर्थांश. गुरुजींनी नाणं २५ चंच धरलं आणि उत्तर आलं सव्वासहा. पण ते नाणं २० चं होतं. वीसचा चौथा भाग पाच. तीळ तसूभरही हलला नव्हता.

जमीन मोजणारा अर्ध्यात साखळी बदलत नाही, बदलली तर बांधावर भांडण ठरलेलं. तसंच इथेही एकच नाणं ठरवा आणि ते बाजूला काढून ठेवा. माझी शिफारस दहाच्या गोल नाण्याची आहे. ते कोणत्याही सालचं असलं, त्यावर कुठलंही चित्र असलं, तरी २७ मिलीमीटरच भरतं. शिवाय आपल्याकडे दहाचं नाणं अर्धे दुकानदार अजून घेत नाहीत. ही सगळी नाणी चालतात असं रिझर्व्ह बँकेने वारंवार सांगितलं, तरी किराणावाला मान हलवतोच. त्यामुळे ते तुमच्या घरात पडून असणार आणि खर्चही होणार नाही.

## फोटो काढताना काय बिघडतं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाणं बोटांत धरून तिळाच्या वर आणणं. कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते. फोन वीतभर, म्हणजे वीस सेंटीमीटरवर आहे आणि नाणं त्वचेपासून दोन सेंटीमीटर वर धरलंय, तर नाणं दहा-अकरा टक्के मोठं येतं. त्या हिशेबात तीळ तेवढाच लहान होतो. पाच मिलीमीटरचा तीळ साडेचारचा भासतो. पुढच्या महिन्यात नाणं नीट टेकवलं की तोच तीळ "अर्धा मिलीमीटर वाढतो". म्हणून नाणं त्वचेला टेकलेलं, तिळापासून बोटभर अंतरावर आणि शक्यतो सपाट जागी हवं. पोटरीवर किंवा दंडावर ते घरंगळतं. तिथे मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी दुमडून नाण्याखाली लावायची. नाणं दाबायचं नाही, दाबलं की आजूबाजूची कातडी ताणते. कोपर, गुडघा, मान ही अंगं दर वेळी त्याच स्थितीत ठेवायची, कारण हात वाकवला की कोपराजवळचा तीळ खरोखरच ताणून रुंद होतो.

फोन तिळाच्या अगदी नाकाला नेऊ नका. फार जवळ गेलं की बरेच फोन आपोआप दुसरी, रुंद दिसणारी लेन्स लावतात आणि कडेचं चित्र ताणतात. वीत-दीड वीत लांब राहून दुप्पट झूम करा. मधोमध तीळ असू द्या, नाणं कोपऱ्यात ढकलू नका.

रंगाची गोष्ट आणखी नाजूक आहे. स्टीलचं नाणं उन्हात चमकलं की कॅमेरा सगळं चित्र अंधारवतो आणि तांबूस तीळ काळाकुट्ट दिसतो. निळ्या किंवा हिरव्या पत्र्याच्या शेडखाली त्वचेचा रंगच बदलतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ओसरीवर, थेट ऊन नाही पण उजेड भरपूर अशा जागी, फ्लॅश बंद करून फोटो काढा. शेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. दोन फोटोंतला कागद सारखाच पांढरा दिसत असेल तरच तिळाच्या रंगाबद्दल बोलण्यात अर्थ आहे. आणि फोनमधला चेहरा गोरा-गुळगुळीत करणारा ब्युटी मोड बंद आहे ना, ते आधी बघा. माझ्याकडे एक मुलगी गालावरचा तीळ "आपोआप फिका पडला" म्हणून आनंदाने सांगत आली होती. तो फोनने पुसला होता.

त्याच पांढऱ्या कागदावर पेनाने तारीख आणि जागा लिहायची, "५ जानेवारी, उजवा हात, कोपराखाली" एवढं पुरे. फोनमध्ये तारीख असतेच की, असं कुणी म्हणेल. असते, पण फोटो पुढे पाठवला की घोळ होतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव असं असतं:

```
IMG-20250714-WA0003.jpg
```

यातली १४ जुलै ही फोटो पाठवल्याची तारीख आहे, काढल्याची असेलच असं नाही. मुलाने पुण्याहून सहा महिन्यांचे फोटो एकाच दिवशी पाठवले तर सगळे एकाच तारखेचे दिसतात. शिवाय असे पाठवलेले फोटो दाबून लहान केले जातात आणि तिळाची कड धुरकट होते. डॉक्टरांना पाठवायचेच असतील तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

एक फोटो लांबूनही काढून ठेवा, कोपर किंवा गुडघा दिसेल असा. पाठीवर सात-आठ तीळ असले की सहा महिन्यांनी आपण नेमका कोणता मोजत होतो, हेच आठवत नाही.

## किती दिवसांनी, आणि किती फरक म्हणजे फरक?

पहिला फोटो, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. तज्ज्ञही शंकेचा सपाट तीळ डर्मोस्कोपने, म्हणजे दिवा असलेल्या दहापट दाखवणाऱ्या भिंगाने, पाहतात आणि बऱ्याचदा तीनेक महिन्यांनी पुन्हा ताडून बघतात. रोज फोटो काढणाऱ्याला फक्त धास्ती मिळते.

घरच्या मोजणीत चूक राहतेच. तिळाची कड काही चाकूने कापल्यासारखी नसते. स्क्रीनवर पट्टी लावताना अर्धा मिलीमीटर इकडे-तिकडे होतो. त्यामुळे खऱ्या तिळात अर्ध्या मिलीमीटरच्या आतला फरक मी बातमी मानत नाही. मोठ्या माणसाच्या तिळात तीन महिन्यांत मिलीमीटरभर वाढ दिसली तर मात्र दाखवायला या. मुलांचं तसं नाही. मूल वाढतं तसा तीळही वाढतो. गरोदरपणात पोटावरचे तीळही पोटासोबत ताणतात.

आणि सहा मिलीमीटरचं काय? पेन्सिलच्या मागच्या रबराएवढा हा आकडा धोक्याची रेषा म्हणून शिकवला जातो, पण तो डॉक्टरांच्या आठवणीसाठी केलेला ठोकताळा आहे. सहाच्या आतलेही मेलानोमा असतात आणि आठ मिलीमीटरचे निरुपद्रवी तीळ तर मी रोज पाहतो. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर मी रुंदी शेवटी बघतो. आधी रंग पाहतो. एकाच तिळात तपकिरी, काळा, लालसर, राखाडी अशी सरमिसळ नव्याने आली का? मग कड पाहतो. एका बाजूला नकाशासारखा फाटा फुटला का? दोन्ही अर्धे अजून एकमेकांसारखे आहेत का? त्यानंतर अंगावरचे बाकी तीळ बघतो. एका माणसाचे तीळ भावंडांसारखे, साधारण एकाच तोंडवळ्याचे असतात. त्यात एखादा परका दिसला तर तो पाचचा असो की तीनचा, मी त्याच्यापाशी थांबतो.

## कशासाठी नाणं घेऊन बसायचं नाही?

नाणं रुंदी मोजतं, उंची नाही. मेलानोमाचा एक प्रकार आडवा पसरतच नाही, तो गाठीसारखा वर आणि आत जातो. बोटाला टणक लागणारी, वर आलेली आणि काही आठवड्यांत वाढत असलेली गाठ असेल तर फोटोत तिची रुंदी तेवढीच दिसेल आणि आपण फसू. तिथे तीन महिने थांबणं चूक आहे. न खाजवता रक्त येणारा किंवा बरी न होणारी जखम झालेला तीळही तसाच. एक फोटो काढा, तारीख टाका आणि त्याच आठवड्यात दाखवा.

## आपल्या सावळ्या लोकांना हा होतो का?

कमी होतो. त्वचेतला रंग उन्हापासून राखण करतो, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे मेलानोमा दुर्मीळ आहे. पण जेव्हा होतो तेव्हा तो बऱ्याचदा जिथे ऊन लागतच नाही तिथे सापडतो, म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखाली. गायक बॉब मार्ली १९८१ साली ३६ व्या वर्षी गेला, त्याच्या आजाराची सुरुवात पायाच्या अंगठ्यातून झाली होती. आपण हातावरच्या तिळाचे फोटो काढतो आणि तळपाय आरशातही बघत नाही.

हे मी गुरुजींना सांगत होतो तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "माझ्या टाचंला काळं पडलंय, पण ते बाभळीचा काटा मोडला व्हता त्याचं असंल." किती दिवस झाले? त्यांना आठवेना. चपला काढायला लावल्या. टाचेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

तळपायाची कातडी जवळून बघितली तर सरी-वरंब्याच्या वावरासारखी असते, उंच रेघा आणि मधल्या खाचा. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सरीत बसतो. मेलानोमाचा रंग वरंब्यावर चढतो. डर्मोस्कोपखाली हे दिसतं, फोनच्या कॅमेऱ्यात भरवशाचं दिसत नाही, म्हणून तळपायावरचा नवा काळा डाग मी कुणाला घरी मोजत बसू देत नाही. बाईंचा रंग वरंब्यावर होता. पण मुरलेलं रक्तही वरंब्यावरच दिसतं, आणि इथला रंग लालसर काळा होता. मी ब्लेडने वरची मेलेली कातडी हलकेच खरवडली. काळे कण कातडीसोबत निघून आले, खाली स्वच्छ गुलाबी टाच होती. रक्तच होतं. ते निघालं नसतं तर मी त्याच दिवशी तुकडा तपासायला पाठवला असता.

नखाखालच्या काळ्या डागाचं मात्र नाण्याशी छान जमतं, कारण नख स्वतःच पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलीमीटर वाढतं, हाताचं तीनेक. दगड पडून रक्त साकळलं असेल तर डाग नखासोबत पुढे जातो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागतं. महिन्याच्या अंतराने नाणं ठेवून काढलेले दोन फोटो हे स्पष्ट दाखवतात. डाग मुळाला चिकटूनच राहिला, मुळापासून टोकापर्यंत पट्टा उमटला आणि तो मुळाशी रुंद होत गेला, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर पुढचा फोटो नको, डॉक्टर हवा. सगळ्या नखांवर सारख्या बारीक रेघा असतील तर त्या सावळ्या लोकांत बहुतेक नेहमीच्याच असतात.

## एवढं करण्यापेक्षा काढूनच टाकला तर?

डॉक्टर काढतील तर हरकत नाही, कारण ते काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. अडचण जत्रेतल्या आणि घरगुती उपायांची आहे. चुना आणि धुण्याचा सोडा लावून तीळ जाळतात, चामखिळीसारखा घोड्याचा केस बांधतात. जळून गेलेल्या तिळाची तपासणी होऊ शकत नाही. उरलेल्या पेशींतून व्रणावर पुन्हा वेडावाकडा रंग उगवतो आणि तो भिंगाखालीही ओळखणं अवघड होतं. सहा महिन्यांचे जुने फोटोही मग निरुपयोगी, कारण मोजायची वस्तूच बदलली.

दुसरी भीती कायम ऐकू येते, "सुई-कातर लावली की कॅन्सर पसरतो." तुकडा काढून तपासल्याने मेलानोमा पसरत नाही. उशीर झाल्याने तो खोल जातो, आणि मेलानोमात उपचार किती सोपा राहील हे त्याच्या खोलीवरच ठरतं. ती खोली कातडीवर मिलीमीटरमध्येच मोजतात, पण प्रयोगशाळेत. घरच्या फोटोला ती कळत नाही.

गुरुजींचा तीळ मी भिंगाखाली पाहिला. दोन्ही अर्धे सारखे, रंग एक, कड गुळगुळीत. तरी त्यांच्या समाधानासाठी ऑक्टोबरमध्ये पुन्हा फोटो आणायला सांगितलं आणि टेबलाच्या खणातलं दहाचं एक नाणं दिलं. ते पैसे द्यायला लागले तेव्हा म्हणालो, ठेवा, बाहेर कुणी घेत नाही.

ऑक्टोबरात आले तेव्हा नाणं वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेलं होतं आणि खाली लाल शाईत लिहिलेलं होतं, "२७ मिमी. खर्च करू नये." स्क्रीनवर नाणं ५४, तीळ १०. मी काही बोलायच्या आत गुरुजींनीच भागाकार करून दाखवला.